एफ अँड ओमध्ये तोटा, आणि वर 'ऑडिट केलेलं नाही' अशी नोटीस. उत्तर कसं द्यायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकला नोकरी करतो, पगार वर्षाला १४ लाखांच्या आसपास. २०२३-२४ मध्ये निफ्टी आणि बँक निफ्टीच्या ऑप्शन्समध्ये बराच तोटा झाला. रिटर्न आयटीआर-३ मध्ये, २९ जुलै २०२४ ला म्हणजे मुदतीत भरलं. ओळखीच्या एका रिटर्नवाल्यांकडून भरून घेतलं होतं.

आता मेलवर ११ डिसेंबर तारखेची नोटीस आली आहे. कलम १३९(९), 'सदोष विवरणपत्र'. आत दोन गोष्टी लिहिल्यात. धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर आहे आणि ४४एबीखालचा ऑडिट रिपोर्ट नाही, ही एक. धंद्याचं उत्पन्न दाखवलंय पण बॅलन्स शीट आणि नफा-तोटा पत्रक रिकामं आहे, ही दुसरी. १५ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर रिटर्न अवैध धरलं जाईल.

ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमधले आकडे असे: फायद्यातल्या सौद्यांची बेरीज ५८,२०,०००. तोट्यातल्या सौद्यांची ६४,७०,०००. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी वगैरे मिळून १,३४,०००. म्हणजे एकूण तोटा ७,८४,०००. रिटर्नमध्ये हाच तोटा आणि १,२२,९०,००० उलाढाल दाखवली आहे.

रिटर्नवाले म्हणतात, आता सीएकडून ऑडिट करूनच घ्यावं लागेल, दंडही बसेल. पावणेआठ लाख गेले, आता वर हे. मी नोकरदार माणूस, माझ्याकडे ऑडिट करण्यासारखं आहे तरी काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा, झोप लागत नाहीये.

चार्टवाला

दादा, तोटा दाखवला की ऑडिट लागतंच. माझं २०१५ साली झालं होतं. नफा उलाढालीच्या ८ टक्क्यांच्या खाली गेला की सीएची सही हवीच, हा नियम आहे. आणि तुमची उलाढाल सव्वा कोटी नाहीच मुळी. निफ्टीचा एक लॉट तेव्हा ५० चा, बावीस हजारांच्या भावाने एका लॉटचे ११ लाख होतात. वर्षभरात तुम्ही शेकडो लॉट फिरवले असतील. काँट्रॅक्ट नोटांची बेरीज मारा, कोटींच्या कोटी निघतील. खात्याला तो आकडा कळला तर मोठं प्रकरण होईल. ऑडिट करून मोकळे व्हा.

स्वाती_ठाणे

माझ्या भावालाही नोटीस आली होती, १४३(२) ची. वर्षभर चाललं ते प्रकरण, बँकेची पाच वर्षांची स्टेटमेंट्स मागितली. तुम्ही आधी वकील गाठा. एकट्याने काही उत्तर पाठवू नका.

खतावणी

गोदाकाठ, शांत व्हा. साताऱ्यात सीए म्हणून प्रॅक्टिस करते, ह्या नोटिसा दर हिवाळ्यात टेबलावर येतात.

स्वातीताई, तुमच्या भावाचं प्रकरण वेगळं. १४३(२) म्हणजे स्क्रुटिनी. तिथे अधिकारी उत्पन्न तपासतो, प्रश्न विचारतो. यांना आलेली नोटीस बंगळुरूच्या सीपीसीतून, म्हणजे खात्याच्या रिटर्न प्रक्रिया केंद्रातून, रिटर्नमधले रकाने संगणकाने ताडून निघालेली आहे. यांच्या सौद्यांवर कुणी संशय घेतलेला नाही. 'टॅक्स ऑडिट' म्हणजेही खात्याने येऊन केलेली तपासणी नव्हे. आपणच सीएकडून हिशेब तपासून घ्यायचा आणि त्याने रिपोर्ट पोर्टलवर चढवायचा, एवढंच ते असतं. हे तुम्हाला लागतं का, हा खरा प्रश्न, आणि माझ्या मते लागत नाही.

चार्टवाला, तुमचं २०१५ चं ऑडिट तेव्हा बरोबरच होतं. ४४एडी म्हणजे वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची योजना. त्या काळात तिची रचना अशी होती की नफा ८ टक्क्यांहून कमी दाखवला आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असलं, तर ऑडिट यायचंच. आकारणी वर्ष २०१७-१८ पासून ते बदललं. आता ती अट फक्त त्यांना, ज्यांनी आधीच्या वर्षी ४४एडी घेतली आणि पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडली. बाजारात मात्र 'तोटा म्हणजे ऑडिट' हे अजून फिरतंय, आणि त्यापायी लोक नाहक फी भरतात.

आता उलाढाल. कायद्यात एफ अँड ओच्या उलाढालीची व्याख्या नाही. सगळे सीए इन्स्टिट्यूटच्या टॅक्स ऑडिटवरच्या मार्गदर्शिकेप्रमाणे जातात. तिच्यात काँट्रॅक्टची किंमत धरत नाहीत, प्रत्येक सौद्यातला फरक धरतात, मग तो नफा असो वा तोटा, वजाचं चिन्ह काढून टाकून. समजा निफ्टीचा एक कॉल १२० ला घेतला, ८० ला विकला, लॉट ५० चा. तोटा २,०००. दुसऱ्या सौद्यात ३,००० सुटले. हातात निव्वळ एक हजार, पण उलाढाल पाच हजार. तुमचे ५८.२० आणि ६४.७० लाख ह्याच हिशेबाने १,२२,९०,००० होतात. आकडा बरोबर आहे. अकरा लाखांचा लॉट ह्यात कुठेच येत नाही.

आणि ऑडिटची मर्यादा एक कोटी असली तरी ज्यांची रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत आणि रोखीतला खर्चही पाच टक्क्यांच्या आत, त्यांना ती दहा कोटी आहे. एफ अँड ओत रोख असते कुठे? सगळं बँकेतून. तुम्ही सव्वा कोटीवर आहात.

मग नोटीस का आली? माझा अंदाज सांगते, तो तपासा. रिटर्नच्या पीडीएफमध्ये 'Audit Information' भाग उघडा. तिथे आधी विचारतात की उलाढाल एक कोटीच्या वर पण दहा कोटींच्या आत आहे का. त्याखाली दोन प्रश्न आहेत, रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत आहे का आणि रोखीतला खर्च पाच टक्क्यांच्या आत आहे का. तिथे काय भरलंय ते इथे लिहा.

गोदाकाठ

खतावणीताई, आत्ता उघडून बघितलं. पहिल्याला Yes आहे. खालच्या दोन्हीला No.

खतावणी

सापडलं तर. भरणाऱ्याने प्रश्न उलटा वाचला असणार. 'रोखीत व्यवहार आहेत का' असं समजून No केलं. सिस्टीमला त्याचा अर्थ लागला की पाच टक्क्यांहून जास्त व्यवहार रोखीत आहेत, म्हणजे मर्यादा एक कोटीचीच, म्हणजे ऑडिट हवं, आणि रिपोर्ट तर कुठेच नाही. दुसरा दोष, म्हणजे रिकामी बॅलन्स शीट, हा मात्र खरा दोष आहे. तोटा 'no account case' च्या, म्हणजे वह्या न ठेवणाऱ्यांच्या रकान्यात टाकला असेल. तिथे तोटा टाकला की हमखास असं होतं. तोटा पुढे न्यायचा तर पूर्ण पत्रकं भरा.

मुळामुठा

ताई, मधेच विचारते. ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरता येतं ना? मग १३९(५) खाली रिव्हाइज करून टाकलं तर काम होत नाही का? नोटिशीच्या फंदात कशाला पडायचं?

खतावणी

सुधारित रिटर्न भरता येईल, पण नोटीस पोर्टलवर तशीच उघडी राहते आणि १५ दिवसांचं घड्याळ चालू राहतं. मुदत उलटली आणि मूळ रिटर्नच अवैध धरलं, तर कायद्याच्या नजरेत ते भरलंच नव्हतं. मुदतीत न भरलेल्या रिटर्नमधला धंद्याचा तोटा पुढे नेता येत नाही. यांच्या बाबतीत सगळं पणाला लागलंय ते इथे. नोटिशीला उत्तर म्हणून दुरुस्त केलेलं रिटर्न मात्र मूळ तारखेला, २९ जुलैला, जोडलं जातं. तोटा शाबूत राहतो. म्हणून मी नेहमी आधी नोटिशीलाच उत्तर देते.

गोदाकाठ, किती वाचतंय ते सांगते. एफ अँड ओचा तोटा सट्टा नसलेल्या धंद्याचा धरतात. तो पगारातून वळता होत नाही, पण त्याच वर्षीच्या व्याजातून होतो. तुम्हाला एफडीचं व्याज काही आहे का?

गोदाकाठ

३८,००० आहे. रिटर्नमध्ये ते तोट्यातून वजा केलेलं दिसतंय.

खतावणी

मग ७,४६,००० पुढे जातील. आकारणी वर्ष २०३२-३३ पर्यंत, आणि फक्त धंद्याच्या नफ्यातून वळते होतील. पुढे कधी एफ अँड ओत किंवा दुसऱ्या धंद्यात नफा झाला, तर तेवढ्यावर कर नाही.

आता बॅलन्स शीट. घर, गाडी, पीएफ ह्यात घालू नका. हा तुमच्या ट्रेडिंगच्या धंद्याचा ताळेबंद आहे. ब्रोकरकडचं लेजर १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ असं काढा आणि चार आकडे द्या: सुरुवातीची शिल्लक, वर्षात बँकेतून किती टाकले, किती काढले, शेवटची शिल्लक. ३१ मार्चला उघडी पोझिशन होती का, तेही सांगा.

गोदाकाठ

उघडी पोझिशन नव्हती. सुरुवातीला २,१०,०००. टाकले ९,००,०००. काढले १,५०,०००. शेवटी १,७४,८२०.

पण ताई, हे जुळत नाहीये. ११,१०,००० मधून दीड लाख आणि ७,८४,००० वजा केले तर १,७६,००० यायला हवेत. ११८० रुपयांचा फरक येतोय. माझी उलाढाल किंवा तोटाच चुकीचा दाखवला गेलाय का?

चार्टवाला

११८० म्हणजे ५९ च्या पटीत आहे. वेळेत पोझिशन बंद केली नाही की ब्रोकर स्वतः बंद करतो, त्याचे ५० रुपये अधिक जीएसटी असे ५९ लागतात. वीस वेळा झालं की ११८०. हे पैसे टॅक्स रिपोर्टच्या खर्चात येत नाहीत बऱ्याचदा, थेट लेजरला नावे पडतात. लेजरमध्ये '59.00' शोधा.

गोदाकाठ

बरोब्बर. वीस नोंदी आहेत. धन्यवाद चार्टवाला, मी रात्रभर बसलो असतो.

मग हे ११८० तोट्यात वाढवू का? खर्चच आहे ना तो.

खतावणी

चार्टवाला, छान पकडलंत.

खर्च आहे, पण इथे वाढवू नका. १३९(९) चं उत्तर हे दाखवलेला दोष काढण्यापुरतं असतं. त्यात उत्पन्नाचा किंवा तोट्याचा आकडा हलवला की नवा प्रश्न उभा राहतो, आणि ११८० रुपयांसाठी ते करण्यात अर्थ नाही. भांडवलातून काढलेल्या रकमेत मिळवा. म्हणजे उचल १,५१,१८०. मग भांडवल असं: २,१०,००० अधिक ९,००,०००, वजा १,५१,१८०, वजा ७,८४,०००, राहिले १,७४,८२०. समोरच्या बाजूला ब्रोकरकडची शिल्लक १,७४,८२०. दोन्ही बाजू जुळल्या. एवढीच आहे तुमची बॅलन्स शीट.

लेजरबुक

नमस्कार. मीही हेच काम करतो, कोल्हापूर. बॅलन्स शीट ठीक. ट्रेडिंग अकाउंटमध्ये आकडे कसे टाकायचे हे आधी ठरवा. मी फायद्याचे ५८,२०,००० विक्रीत आणि तोट्याचे ६४,७०,००० खर्चात टाकतो. प्रत्यक्षात घडलं ते तसंच आहे.

खतावणी

लेजरबुक, तुमची पद्धत चूक म्हणणार नाही. पण मग रिटर्नमध्ये उलाढाल ५८ लाख दिसते आणि ऑडिटच्या भागात 'एक कोटीच्या वर' असं उत्तर. दोन ठिकाणी दोन गोष्टी, आणि हे रिटर्न तर आधीच संगणकाने अडवलेलं आहे. मी विक्रीत पूर्ण उलाढाल १,२२,९०,००० घेते आणि समोर १,२९,४०,०००. फरक साडेसहा लाखांचा ठोक तोटा. खाली १,३४,००० चे खर्च, की निव्वळ ७,८४,०००. मूळ रिटर्नमध्येही उलाढाल तीच आहे, त्यामुळे यांनी तसंच ठेवावं.

लेजरबुक

१,२९,४०,००० हा आकडा कुठल्याच कागदावर नाही, हे माझं म्हणणं. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार? असो. ह्या प्रकरणात मूळ रिटर्नशी सुसंगत राहणं महत्त्वाचं, तेवढं मान्य.

आणखी एक. ब्रोकर दोन आकडे देतो, सौद्यागणिक उलाढाल आणि काँट्रॅक्टगणिक उलाढाल. दुसरा कमी येतो, कारण त्यात एकाच काँट्रॅक्टचे नफे-तोटे आपसात कटतात. गोदाकाठ, तुमचा तो किती?

गोदाकाठ

८४ लाख आणि काहीतरी. तो घेतला असता तर एक कोटीचा प्रश्नच आला नसता?

खतावणी

आला नसता, पण आता बदलू नका. दोन्ही दहा कोटींच्या खूप आत आहेत, ऑडिटच्या दृष्टीने फरक शून्य.

आता पोर्टलवरचं काम. लॉगिन करून `Pending Actions` मध्ये `e-Proceedings`, तिथे १३९(९) ची नोटीस उघडून `Submit Response`. तिथे `Agree` की `Disagree` विचारतात. तुम्ही `Agree` करा. 'ऑडिट लागतं हे मी मान्य केलं' असा त्याचा अर्थ होत नाही, दुरुस्त रिटर्न देतो एवढाच होतो. बॅलन्स शीटचा दोष खरा असल्यामुळे `Disagree` करून सुटका नाही. सगळी पत्रकं आधीच भरलेली असती आणि फक्त ऑडिटचा मुद्दा असता, तर `Disagree` करून कारण लिहिता आलं असतं.

दुरुस्त रिटर्न आकारणी वर्ष २०२४-२५ च्याच आयटीआर-३ च्या ऑफलाइन युटिलिटीत तयार करा. भरण्याचं कलम १३९(९) निवडा. नोटिशीचा क्रमांक आणि तारीख तिथे मागतात, नोटिशीवरूनच अक्षर न अक्षर उतरवा. ऑडिटच्या भागात रोखीचे ते दोन्ही प्रश्न Yes. '४४एबीखाली ऑडिट लागू आहे का' ह्याला No. बाकी पगार, व्याज, करप्रणाली, कशालाही हात लावू नका. जेसन फाइल त्याच नोटिशीखाली चढवा आणि ई-व्हेरिफाय लगेच करा. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न चढवलं काय, न चढवलं काय, सारखंच. शेवटची तारीख २६ डिसेंबर धरून चाला, आणि दोन दिवस आधीच उरका.

बाजारपेठ_लातूर

ताई, माझंही बघा जरा. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, कित्येक वर्षं ४४एडीत भरतो. ह्या वर्षी एफ अँड ओत दोन लाख गेले. मलाही असंच करायचं का?

खतावणी

दादा, तुमचं इतकं सरळ नाही. आधी एक सांगा, एफ अँड ओचं उत्पन्न कधी ४४एडीत दाखवलंय का? म्हणजे उलाढालीच्या सहा टक्के नफा असं?

बाजारपेठ_लातूर

हो, २०२१-२२ मध्ये. थोडा फायदा होता. भरणारा म्हणाला सहा टक्के दाखवा, ऑडिटची कटकट नको.

खतावणी

मग तुमच्या बाबतीत ऑडिट खरंच लागू शकतं. एकदा ४४एडी घेतली की पुढची पाच वर्षं तीच चालवायची, मधे सोडली आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असलं, तर उलाढाल कितीही लहान असो, ४४एबीचा (ई) खंड लागतो. तिथे दहा कोटींची सवलत कामाची नाही. 'सहा टक्के दाखवा आणि मोकळे व्हा' हा सल्ला म्हणून मला पटत नाही. तोट्याचं वर्ष आलं की तो अंगावर येतो. ऑडिट न केल्याचा दंड उलाढालीच्या अर्धा टक्का, कमाल दीड लाख, आणि सबळ कारण असेल तर माफही होतो.

लेजरबुक

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. ४४एडी ही धंद्याला लागते. दुकान ४४एडीत चालू ठेवलं आणि एफ अँड ओ वेगळा धंदा म्हणून वह्यांवर दाखवला, तर दुकानापुरती साखळी तुटत नाही. ज्यांनी एफ अँड ओ कधीच ४४एडीत दाखवला नाही, त्यांना तर मी बिनधास्त असंच करतो.

खतावणी

त्यांच्यापुरतं मीही तसं करते, पण बिनधास्त नाही. दुसरी बाजू अशी की ४४एडी घेणाऱ्याचे सगळे पात्र धंदे एकत्र मोजायचे आणि सहा-आठ टक्के एकत्रित उलाढालीवर बघायचे. दोन्ही बाजूंनी मांडणी होते. लातूरच्या दादांनी तर एफ अँड ओच आधी ४४एडीत दाखवलाय, त्यामुळे त्यांना तुमचाही युक्तिवाद वाचवत नाही. दादा, तीन वर्षांची रिटर्नं घेऊन जवळच्या सीएकडे बसा, इथे ठरवू नका.

स्वाती_ठाणे

मला एक कळलं नाही. उत्तर दिल्यावर त्यांना बँक स्टेटमेंट, काँट्रॅक्ट नोटा पाठवायच्या की नाही?

खतावणी

ह्या नोटिशीत नाही, मागितलेल्याच नाहीत. पण लेजर, टॅक्स रिपोर्ट, काँट्रॅक्ट नोटा आणि त्या वर्षाचं बँक स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. ब्रोकर बदलला किंवा खातं बंद केलं की जुने रिपोर्ट मिळवताना फार त्रास होतो.

गोदाकाठ

अपडेट देतो. आज, २० डिसेंबरला, फाइल चढवली. पहिल्यांदा युटिलिटीने एरर दिली, कारण नोटिशीची तारीख मी मेल आली ती टाकली होती, नोटिशीवरची नाही. ११ डिसेंबर टाकल्यावर पुढे गेलं. आधार ओटीपीने व्हेरिफाय केलं. `e-Proceedings` मध्ये आता उत्तर सादर झालेलं दिसतंय आणि पोचक्रमांकही आला. तोटा ७,८४,००० आणि पुढे नेलेले ७,४६,००० तसेच आहेत.

रिटर्नवाल्यांना सांगितलं, ऑडिट करत नाही. ते म्हणाले, जबाबदारी तुमची.

खतावणी

उत्तम झालं. आता १४३(१) ची, म्हणजे रिटर्नवर प्रक्रिया झाल्याची सूचना येईपर्यंत थांबा. ती आली की एकच गोष्ट बघा: पुढे नेलेल्या तोट्याच्या रकान्यात ७,४६,००० आहेत की शून्य. कर बरोबर लागला, परतावा आला की लोक पुढचं पान बघत नाहीत आणि तोटा गायब झाल्याचं पुढच्या वर्षी कळतं. शून्य दिसलं तर इथेच लिहा, दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा ते सांगते.

बाजारपेठ_लातूर

ताई, सोमवारी सीएकडे जातोय. काय म्हणाले ते लिहितो.